महिना 8 टक्के? आधी 72 ला 8 ने भागा

दादा, "काजू-हापूसच्या धंद्यात पैसे लावा, महिन्याला 8 टक्के देतो" असं कुणी म्हणालं, तर पैसे भरायच्या आधी एवढंच करा. 72 भागिले 8 म्हणजे 9. व्याज मुद्दलात राहिलं तर साधारण 9 महिन्यांत रक्कम दुप्पट, 5 वर्षांत शंभरपट. लाखाचा कोटी!

आता वेंगुर्ल्यातला काजू कारखानदार डोळ्यांसमोर आणा. बी घ्यायची, भाजायची, सोलायची, मजुरी द्यायची, आणि वर दर महिन्याला लाखामागे 8 हजार तुम्हाला? बँक त्याला वर्षाला 12 टक्क्यांच्या आसपास कर्ज देत असेल, तर तो 96 टक्के का मोजेल? हापूसची बाग तर वर्षातून एकदाच पैसा देते.

नवखे एका गोष्टीला हमखास भुलतात: "शेजाऱ्याला हप्ते वेळेवर येतात." वर्षाचे सगळे हप्ते मिळून 96 हजार. ते त्याच्याच लाखातून देता येतात, धंदा शून्य असला तरी.