१.६७ चा फॅक्टर होता, तरी फुटिंग उचललं

प्रश्न: फॅक्टर ऑफ सेफ्टी नक्की किती घ्यायचा? वर्किंग स्ट्रेसने केलेलं डिझाइन जास्त सेफ की लिमिट स्टेटने? आमचे सर म्हणतात शेवटी दोन्ही एकच.

असेच एक सर मलाही होते, म्हणून लिहितोय. त्यांच्या टेबलावर आयएस ८०० या स्टीलच्या कोडची १९८४ ची प्रत असायची, २००७ ची कपाटात, आणि मी काही बोललो की म्हणायचे, "कोड बदलतो रे, लोखंड तेच असतं."

एका मर्यादेत त्यांचं बरोबर होतं हे आधी सांगतो. जुन्या, म्हणजे वर्किंग स्ट्रेस पद्धतीत ताणाला यील्डच्या ०.६ पट स्ट्रेस चालतो, म्हणजे २५० मेगापास्कलच्या स्टीलला १५०, म्हणजे फॅक्टर १.६७. नव्यात, म्हणजे लिमिट स्टेटमध्ये, लोडला १.५ ने गुणायचं आणि स्टीलला १.१ ने भागायचं, गुणाकार १.६५. त्यामुळे साधा फ्लोअर बीम दोन्हीकडून केला तर सेक्शन जवळपास तोच येतो. अमेरिकन एलआरएफडीत, म्हणजे त्यांच्या लिमिट स्टेटमध्येही, लाइव्ह लोड डेडच्या तिप्पट धरला की १.६७ च निघतो, ते आकडे तसे जुळवलेलेच आहेत.

पण वजन खाली ओढतंय आणि वारा वर, तिथे हे गणित फसतं. नाशिकजवळ एका कारखान्याची पार्किंग शेड केली होती, चारी बाजूंनी उघडी, वर पत्रा. कडेच्या प्रत्येक कॉलमवर ३० चौरस मीटर छप्पर, वाऱ्याची उचल २४ किलोन्यूटन. छपराचं वजन ६, फुटिंग आणि त्यावरची माती मिळून २२, एकूण २८. सर म्हणाले २८ मोठं की २४, झालं, विषय संपला, आणि वर स्टीलमध्ये १.६७ आहेच. मी म्हटलं सर, तो १.६७ स्टीलच्या आत आहे, फुटिंगच्या वजनात नाही, इथे आपल्या हातात फक्त २८ भागिले २४ एवढंच आहे, म्हणजे १.१७. तर मला म्हणाले काँक्रीट तुझ्या खिशातून घालणार का.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो हे तुम्हाला माहीतच असेल. वेग १० टक्के जास्त निघाला की दाब २१ टक्के वाढतो, २४ चे २९ होतात आणि २८ चं वजन कमी पडतं. एप्रिलमधल्या वळवात तेच झालं. शेड पडली नाही, पत्रा जागेवर, वेल्ड शाबूत, एक बोल्टसुद्धा ताणला नव्हता. फक्त कडेच्या कॉलमांभोवती फरशीला गोल तडे आणि पेडेस्टल इंचभर वर. कॉलमभोवती असा गोल तडा दिसला की आधी उचल तपासा, सगळे सेटलमेंट म्हणून मोकळे होतात. त्यात दोन ठिकाणी खडक लागला म्हणून कंत्राटदाराने खड्डे कमी खोल घेतलेले, म्हणजे ते २२ सुद्धा पूर्ण नव्हतेच.

लिमिट स्टेटमध्ये वजन ०.९ ने कमी धरायचं आणि वारा १.५ ने वाढवायचा, म्हणजे २५ विरुद्ध ३६, आणि हे डिझाइन कागदावरच नापास झालं असतं.

इंग्लंडमध्ये फेरीब्रिजला १ नोव्हेंबर १९६५ ला आठपैकी तीन कूलिंग टॉवर कोसळले, त्यातही हा प्रकार होता. वाऱ्याच्या ताणातून टॉवरचं वजन वजा करून उरलेल्या फरकापुरतंच स्टील दिलं, त्यामुळे वारा थोडा वाढला की तो फरक कितीतरी पटींनी वाढतो. (वारा झोताऐवजी सरासरीचा धरलेला, आणि पुढच्या टॉवरांमधून घुसून तो मागच्यांवर आपटला, हीही कारणं होतीच.)

तर फॅक्टर किती हे विचारण्याआधी तो कशावर आहे ते बघा. जमिनीच्या बेअरिंगला अडीच-तीन घेतात, कारण मातीचा भरवसा कमी असतो, स्टीलला तेवढा घेतलात तर पैसे वाया. लोड आणि मटेरियल दोघांचा बेभरवसा एकाच आकड्यात कोंबायचा ही पद्धतच मला पटत नाही.

आता न्यायाने सांगायचं तर जुन्या पद्धतीतही उलटण्या-उचलण्याचा वेगळा चेक असतो, सरांनी तो केला नाही, त्यात पद्धतीचा दोष नाही. आणि डिफ्लेक्शन लिमिट स्टेटमध्येही फॅक्टर न लावलेल्या लोडवरच बघायचं, नवी मुलं तिथे १.५ लावून सेक्शन उगाच फुगवतात.

शेवटी प्रत्येक फुटिंगवर अर्धा घनमीटर काँक्रीट चढवलं, २८ चे ४० झाले. आठ कॉलमांचं मिळून चार घनमीटर, एक ट्रान्झिट मिक्सरसुद्धा पूर्ण लागला नाही. फरशी फोडून परत करायला मात्र त्याच्या कितीतरी पट गेले, आणि ते बिल सर माझ्या टेबलावर ठेवून गेले.