मुलीच्या कमी हजेरीबद्दल वर्गशिक्षिकांचा ईमेल आलाय, उत्तर कसं लिहू?

प्रश्न: मुलगी सहावीत आहे, मुंबईत. १६ जून ते ३० सप्टेंबर या काळात ८० पैकी ५४ दिवसच हजर, म्हणजे ६८ टक्के, असा बाईंचा मेल आलाय आणि खुलासा मागितलाय. जुलैत डेंग्यू झाला होता, गणपतीत गावाला गेलो होतो. बाकीचं नीट आठवत नाही. वाद नकोय, पण मुलीवर ठपकाही नको. काय लिहू?

उत्तर: मी दादरच्या एका शाळेत वर्गशिक्षिका आहे, त्यामुळे असे मेल मी पाठवते आणि त्यांची उत्तरं वाचतेही. आधी एक सांगते, हा मेल म्हणजे आरोप नाही. मुलाच्या हजेरीत किती नियमितपणा आहे हे पालकांना कळवणं हे शिक्षण हक्क कायद्याच्या २४ व्या कलमाने शिक्षकाचं कामच ठरवलंय. बाईंना तुमच्याकडून हवी असते ती फाइलला लावता येईल अशी माहिती. उद्या पर्यवेक्षिकांनी विचारलं की ही मुलगी इतके दिवस का नव्हती, तर तुमचं पत्र पुढे करता आलं पाहिजे.

म्हणून लिहायला बसण्यापूर्वी २६ खाड्यांचा हिशेब जुळवा. मुलीची डायरी, डॉक्टरांचे कागद, रेल्वेची तिकिटं आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे जुने मेसेज समोर घेतले की बहुतेक तारखा सापडतात. मोजताना शाळेचे कामाचे दिवसच धरा. रविवार नको, आणि अतिवृष्टीमुळे पालिकेने सुट्टी जाहीर केली तो दिवसही नको. शाळा चालू होती पण हिंदमाताला पाणी भरलं म्हणून तुम्ही पाठवलं नाही, तो मात्र खाडाच. हा फरक पालकांच्या लक्षात राहत नाही आणि मग दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत.

समजा हिशेब असा निघाला: डेंग्यूचे १२, गणपतीचे ६, सर्दी-तापाचे ३, पावसाचा १, शाळेनेच आंतरशालेय स्पर्धेला पाठवलं ते २, आणि काहीच नोंद सापडत नाही असे २. मग मी असं लिहीन:

> विषय: इयत्ता ६ वी ब, हजेरी क्र. २३ – गैरहजेरीबाबत
>
> आदरणीय बाई,
>
> आपला ईमेल मिळाला. हजेरीकडे लक्ष वेधल्याबद्दल आभारी आहोत. १६ जून ते ३० सप्टेंबर या काळातल्या २६ गैरहजर दिवसांचा तपशील आमच्या नोंदींप्रमाणे असा:
>
> ७ ते १९ जुलै (१२ दिवस): डेंग्यू. डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे.
> २५, २६ ऑगस्ट आणि १ ते ४ सप्टेंबर (६ दिवस): गणपतीसाठी गावी होतो. शाळेच्या सुट्टीपेक्षा हे दिवस जास्त झाले, याची आम्हाला कल्पना आहे.
> २५ जून, २४ आणि २५ सप्टेंबर (३ दिवस): सर्दी-ताप. डायरीत चिठ्ठी दिली होती.
> २१ जुलै (१ दिवस): पावसामुळे लोकल बंद होत्या.
> १२ आणि १३ ऑगस्ट (२ दिवस): शाळेतर्फे आंतरशालेय बुद्धिबळ स्पर्धेला गेली होती. हे दिवस गैरहजर लागले असतील तर कृपया तपासून पाहाल का?
>
> उरलेल्या २ दिवसांची नोंद आमच्याकडे सापडली नाही. त्या तारखा कळवल्यास पाहून सांगतो.
>
> दिवाळीनंतर गावी जाण्याचा बेत शाळेच्या सुट्टीतच ठेवला आहे. डेंग्यूच्या काळातला गणित आणि विज्ञानाचा बुडालेला भाग घरी भरून काढत आहोत. त्यात काही राहिलं असल्यास कृपया सांगावं.
>
> आपली,
> (नाव, मोबाइल क्रमांक)

यातली गणपतीची ओळ लिहायला जड जाते, हे मला माहीत आहे. कोकणात घरचा गणपती असला की पाच दिवसांत परत येणं होत नाही, बाईंनाही ते ठाऊक असतं. तरीही पुष्कळ पालक त्या दिवसांवर "प्रकृती ठीक नव्हती" असं लिहितात, आणि काही जण तर ओळखीच्या डॉक्टरकडून कागद आणतात. असं अजिबात करू नका. मुलं वर्गात येऊन आरतीच्या गमती सांगतात, धाकटा भाऊ त्याच तारखांना तिसरीच्या कॅटलॉगमध्ये गैरहजर दिसतो. एकदा तो कागद खोटा वाटला की डेंग्यूचा खरा कागदही संशयाने वाचला जातो. जे झालं ते एका वाक्यात सांगा. कारणं लांबवू नका, पुन्हा पुन्हा माफीही मागू नका.

प्रमाणपत्राकडे नीट बघा. डेंग्यूचा ताप उतरला तरी अशक्तपणा राहतो, मूल आणखी आठवडाभर घरी असतं, पण बऱ्याच कागदांवर फक्त तपासणीची तारीख असते. मग शाळेच्या दृष्टीने आजार एका दिवसाचा ठरतो. "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत विश्रांतीचा सल्ला" हे वाक्य, सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवाच. नसेल तर दवाखान्यात जाऊन लिहून घ्या. रक्ताचे रिपोर्ट आणि प्लेटलेटचे आकडे जोडायची गरज नाही. तो मुलीचा खासगी तपशील आहे.

स्पर्धेच्या दिवसांबद्दल मी मुद्दाम "तपासून पाहाल का" असं लिहिलंय. "तुमची नोंद चुकली आहे" असं लिहिलं की बाईंना आधी स्वतःची बाजू मांडावी लागते. प्रत्यक्षात होतं एवढंच, की क्रीडाशिक्षक मुलांना घेऊन जातात आणि त्यांची यादी वर्गशिक्षिकेपर्यंत उशिरा पोचते. ते दोन दिवस धरले की ५६ होतात आणि हजेरी ७० टक्क्यांवर येते.

आता वर्षाचं गणित. सहावी ते आठवीसाठी कायद्यात किमान २२० कामाचे दिवस आहेत. तेवढेच धरले तर ७५ टक्के म्हणजे १६५. तुमचे ५४ झालेत, म्हणजे उरलेल्या १४० पैकी १११ दिवस हवेत. यापुढे २९ खाडे झाले तरी ७५ गाठता येतील, स्पर्धेचे दिवस मिळाले तर ३१. सीबीएसईची ७५ टक्क्यांची अट बोर्डाच्या परीक्षेसाठी आहे. सहावीला तुमच्या शाळेचा स्वतःचा नियम काय, तो शाळेच्या डायरीत बघा. उशिरा आल्याचे शेरे अर्धा दिवस धरतात का, हेही तिथेच कळेल. तुमचे ते दोन न सापडणारे दिवस बहुधा असेच निघतील.

उत्तर एक-दोन दिवसांत द्या. कागद मिळायला वेळ लागणार असेल तर "मेल मिळाला, सोमवारपर्यंत तपशील पाठवतो" एवढं आज कळवा. मूळ मेलमध्ये मुख्याध्यापिकांना प्रत असेल तर तुमच्या उत्तरातही त्यांचा पत्ता राहू द्या. नसेल तर स्वतःहून घालू नका, ती तक्रार वाटते. वर्गाच्या ग्रुपवर याचा उल्लेखही नको. आठवडाभरात दुरुस्तीबद्दल काही कळलं नाही तर त्याच मेलखाली दोन ओळींत आठवण करा, आणि सहामाहीच्या प्रगतिपुस्तकावर हजेरीचा आकडा ७० झालाय का ते सही करण्यापूर्वी बघा.