दुधाचे बिल उशिरा आले आणि दरही कमी लागला : आधी कुठे बघायचे?

प्रश्न : माझ्या दोन संकरित गाई आहेत. सकाळी 11 आणि संध्याकाळी 7 लिटर दूध गावच्या सहकारी संस्थेत घालतो. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्याचे बिल दरवेळी 20 तारखेला येते, ते 29 ला आले. दर 34 रुपये असताना मला सरासरी 31 रुपये 80 पैसे पडले. सचिव म्हणतात, ‘पैसे वरून आले नाहीत आणि तुमच्या दुधाला एसएनएफ लागत नाही.’ मी दुधात थेंबभर पाणी घालत नाही. सकाळी धार काढून लगेच केंद्रावर जातो, संध्याकाळी गर्दीमुळे तासभर थांबावे लागते. फॅट मशीनवर निघते, डिग्री लॅक्टोमीटरने बघतात. पावत्यांचा फोटो पाठवला आहे. काय करावे?

उत्तर : दादा, पावत्यांचे फोटो पाठवलेत हे फार चांगले केले. त्यामुळे अंदाजाने बोलायची गरज राहिली नाही.

पहिल्यांदा दर कुठे तुटला ते बघू. तुमच्या संस्थेचा 34 रुपये हा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफच्या दुधाला आहे. एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक. रेट चार्टप्रमाणे एसएनएफ एका पॉइंटने, म्हणजे 0.1 ने घसरला की 1 रुपया कमी होतो आणि फॅट एका पॉइंटने वाढली की 30 पैसे वाढतात. तुमच्या सकाळच्या पावत्यांवर जवळजवळ रोज फॅट 3.5 आणि एसएनएफ 8.1 आहे. चार पॉइंट गेले, दर 30 रुपये. संध्याकाळी फॅट 3.7 आणि एसएनएफ 8.5, म्हणून दर 34 रुपये 60 पैसे. 11 लिटरचे 330 आणि 7 लिटरचे 242 रुपये 20 पैसे, मिळून दिवसाचे 572 रुपये 20 पैसे. 18 लिटरने भागले की 31 रुपये 79 पैसे येतात. म्हणजे बिलाची बेरीज चार्टला धरून आहे, आकडेमोडीत तुमचे पैसे कापलेले नाहीत. चार्टप्रमाणे येणारी रक्कम आणि बिलातली रक्कम जुळली नसती, तर दर मध्येच बदलल्याचे, संस्थेचे दूध घेणाऱ्या दूध संघाचे परिपत्रक मागायला मी सांगितले असते. इथे प्रश्न परिपत्रकाचा नाही, सकाळच्या डिग्रीचा आहे.

त्याच गाई, तोच चारा, तरी सकाळी 8.1 आणि संध्याकाळी 8.5. सकाळ-संध्याकाळ फॅटमध्ये फरक पडतोच. रात्रीचे अंतर मोठे असते, दूध जास्त निघते आणि फॅट थोडी उतरते. एसएनएफ मात्र रोज असा चार पॉइंटनी हलत नाही. सकाळी धार काढून लगेच दूध मोजले जाते, संध्याकाळी ते तासभर थांबून निवते. म्हणून मला पहिला संशय दुधाच्या तापमानाचा येतो.

लॅक्टोमीटर एका ठरावीक तापमानासाठी बनवलेला असतो. ते बहुधा 27 अंश सेल्सिअस असते आणि लॅक्टोमीटरवर छापलेले असते. दूध त्याहून गरम असेल तर ते पातळ होते, लॅक्टोमीटर जास्त खाली बुडतो आणि डिग्री कमी दिसते. दर अंशाला साधारण 0.2 डिग्री कमी पडते, तेवढी वाचनात मिळवायची असते. शिवाय ताज्या धारेच्या दुधात हवा अडकलेली असते, तीही डिग्री खाली खेचते.

आता तुमच्या सकाळच्या दुधाचा हिशोब मांडू. एसएनएफ काढताना डिग्रीला 4 ने भागतात, त्यात फॅटच्या 0.2 पट मिळवतात आणि शेवटी एक ठरावीक आकडा मिळवतात. हा आकडा सगळीकडे सारखा नसतो. तुमच्या पावत्या 0.36 धरल्यावर जुळतात. सकाळची डिग्री 28 आहे : 7 अधिक 0.70 अधिक 0.36, म्हणजे 8.06, पावतीवर 8.1. समजा तेव्हा दूध 34 अंशांचे होते. सात अंशांचे 1.4 मिळवले की डिग्री 29.4 होते आणि एसएनएफ 8.41, म्हणजे 8.4 येतो. दर 30 ऐवजी 33 रुपये. 11 लिटर आणि 15 दिवस धरले तर 495 रुपये. तुम्हाला 34 च्या हिशोबाने पंधरवड्यात 597 रुपये कमी पडले, त्यातला मोठा भाग इथेच सापडतो. मात्र 34 अंश हा माझा अंदाज आहे, तो तुम्ही मोजून बघायचा आहे.

तीन दिवस सकाळी केंद्रावर साधा थर्मामीटर घेऊन जा. डिग्री घेतात तेव्हाच दुधाचे तापमान वहीत लिहा. त्याच दुधाचा नमुना झाकून ठेवा, 27 अंशांवर आला की हलक्या हाताने ढवळून, फेस न करता, पुन्हा डिग्री बघायला सांगा. दुसऱ्यांदा डिग्री दीडच्या आसपास वाढली तर दोष मोजण्याच्या पद्धतीत आहे. सचिवांशी भांडू नका, तापमानाची दुरुस्ती करून पावती द्या असे लेखी मागा. तोपर्यंत सकाळची किटली पाण्याच्या टाकीत अर्धा तास ठेवून मगच न्या.

थंड दुधालाही 28 च आली तर मात्र दोष गोठ्यात शोधायचा. दोन्ही गाईंचे दूध वेगवेगळे तपासा, कारण बहुतेकदा एकच गाय सगळ्या किटलीचा एसएनएफ ओढते. तिला लपलेला मस्टायटिस असू शकतो. सड बाहेरून चांगला दिसतो, पण दुधातला लॅक्टोज कमी होतो आणि त्याबरोबर एसएनएफ. पशुवैद्यकांकडून चारही सडांची सीएमटी चाचणी करून घ्या. ती निर्दोष निघाली तर खुराक बघा. पावसाळ्यात कोवळ्या, पाणीदार हिरव्या चाऱ्यावर पोट भरते, पण ऊर्जा कमी पडते. कडबा आणि मक्याचा भरडा वाढवला तर दोन-तीन आठवड्यांत फरक कळतो. भरडा एकदम नाही, हळूहळू वाढवा.

आता उशिराचे. उसाच्या एफआरपीला 14 दिवसांची कायदेशीर मुदत आहे, तशी दुधाच्या बिलाला नाही. त्यामुळे तुमच्या संस्थेचा पोटनियम आणि संघाशी ठरलेली पगाराची तारीख हाच आधार. ‘वरून आले नाहीत’ हे खरे की खोटे, हे एका नोंदीवरून कळते : त्या पंधरवड्याची रक्कम संघाने संस्थेच्या बँक खात्यात कधी जमा केली? ती 28 ला जमा झाली असेल तर संस्थेचा दोष नाही, सभासदांनी मिळून संघाकडे जायला हवे. ती 19 लाच जमा झाली असेल, तर मधले दहा दिवस पैसे कुठे होते हे संस्थेने सांगितलेच पाहिजे.

सभासद म्हणून महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 32 प्रमाणे तुम्हाला पोटनियम, लेखापरीक्षित ताळेबंद आणि तुमच्या व्यवहाराच्या नोंदी बघता येतात. लेखी अर्ज करून फी भरली की महिन्याभरात नक्कल द्यावी लागते. संघाने जमा केलेल्या रकमेची तारीख त्याच अर्जात विचारा आणि अर्जाची पोच घ्या. उत्तर आले नाही तर जिल्ह्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था (दुग्ध) यांच्याकडे पोच आणि पावत्यांसह तक्रार द्या.

पावत्यांच्या कागदावरची शाई काही महिन्यांत उडते. रोज रात्री वहीत दोन ओळी लिहून ठेवा : लिटर, फॅट, डिग्री, एसएनएफ, दर आणि आता दुधाचे तापमानही. तीन दिवसांचे आकडे आले की मला पाठवा, पुढचा हिशोब त्यावरून करू.