शेअर स्प्लिट झाला आणि काकांचे पैसे गेले का?

प्रश्न: रत्नागिरीचे काका घाबरलेत, 3000 चा शेअर सकाळी 600 वर दिसतोय. त्यांना पत्रात काय लिहू?

उत्तर: असं लिही.

काका, नमस्कार. पैसे कुठेही गेले नाहीत. कंपनीने 10 रुपये फेस व्हॅल्यूचा, म्हणजे कागदोपत्री मूळ किमतीचा, एक शेअर तोडून 2 रुपयांचे पाच केले, म्हणून भावही पाचाने भागला. तुमचे 40 शेअर गुणिले 3000 म्हणजे 1,20,000, आणि आता 200 गुणिले 600, तेही 1,20,000च. फक्त भाव रेकॉर्ड डेटच्या, म्हणजे कंपनीने स्प्लिटसाठी ठरवलेल्या तारखेच्या, सकाळीच बदलतो आणि नवे शेअर डीमॅटला यायला एखाद-दोन दिवस लागू शकतात, तेवढ्यात ॲपवर 40 शेअर आणि 600 भाव दिसतो, तो तोटा खरा नाही, घाबरून विकू नका हो! चार दिवसांनीही 200 दिसले नाहीत तर मात्र ब्रोकरला फोन लावा.

डिव्हिडंडचं नीट बघा. कंपनी 500 टक्के म्हणते ते फेस व्हॅल्यूवर, म्हणजे आधी शेअरला 50 मिळायचे आता 10, पण 40 चे 2000 आणि 200 चे पण 2000च.

स्प्लिटवर टॅक्स लागत नाही. तुम्ही 1000 ला घेतलेला शेअर आता 200 ला घेतला असं धरायचं, खरेदीची तारीख जुनीच राहते, त्यामुळे जुनी कॉन्ट्रॅक्ट नोट फेकू नका. आणि भाव 600 झाला म्हणून शेअर स्वस्त झाला असं समजून आंब्याचे पैसे त्यात घालू नका, कंपनीचा नफा स्प्लिटने एक रुपयाही वाढलेला नाही.