सामाईक भिंत असलेलं जुनं घर पाडताना क्रम काय ठेवावा?

प्रश्न: आमचं दोन मजली विटा-मातीचं घर पाडायचं आहे. एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर: आधी वीज आणि पाणी तोडून घ्या. शेजारच्या भिंतीवरच्या तड्यांचे तारखेसह फोटो काढा आणि तड्यांवर प्लास्टरच्या छोट्या पट्ट्या लावा. पट्टी चिरली तर भिंत हलते आहे, काम थांबवा.

कौलं दोन्ही उतारांवरून सारखी उतरवा, मग रीपा, वासे, आढं. भिंती वरून थराथराने काढा. राडारोडा माळ्यावर साचू देऊ नका, त्या भाराने माळाच कोसळतो.

खरी गोम तुळयांत आहे. त्यांची टोकं सामाईक भिंतीत रुतलेली असतात. ओढून काढली तर विटा निखळतात. म्हणून तुळईला खालून टेकू देऊन ती भिंतीलगत करवतीने कापा, टोक आतच राहू द्या. तुळया गेल्या की भिंतीचा आडवा आधार जातो, त्यामुळे तिरके टेकू आधीच उभे हवेत. ते कुठे, किती, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ठरवून घ्या. सामाईक भिंतीला जेसीबी लावू देऊ नका, ठेकेदार कितीही घाई करो.

त्या भिंतीलगतचा पाया सलग खणू नका. मीटरभराचे तुकडे, तेही एकाआड एक. एक भरल्यावरच पुढचा.