पट्टी उलगडायची घाई करू नको

प्रिय बाळा,

परवा फोनवर म्हणालीस ना, चौथीच्या पोरांना १/२ = २/४ तोंडपाठ आहे पण निम्म्या वर्गाने १/२ = २/३ पण लिहून ठेवलंय, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय. वर एक मिळवला, खाली एक मिळवला, दोन्हीकडे सारखंच केलं म्हणजे उत्तर सारखंच येणार, असं पोरांना वाटतं. फळ्यावर कितीही समजाव, ते जात नाही. कागद हातात द्यावा लागतो.

आधी पट्ट्या. ए-फोर कागदाची लांबी कापून २४ सेंमी कर, रुंदी २१ असतेच, त्यात ३ सेंमीच्या बरोबर ७ पट्ट्या बसतात. एक अख्खी ठेवायची आणि बाकीच्या २, ३, ४, ६, ८, १२ भागांच्या. २४ च का, तर या सगळ्यांनी २४ ला पूर्ण भाग जातो, तिसरा हिस्सा ८ सेंमी, सहावा ४, कुठे मिलिमीटर मोजत बसायला नको. पट्ट्या मात्र तूच कापून ने गं. मिरज तालुक्यात पहिल्यांदा शिकवत होते तेव्हा मी पोरांना आपापल्या वहीचं पान फाडायला सांगितलं, कुणाची वही लहान कुणाची मोठी, आणि एक मुलगी उठून म्हणाली बाई, माझे २/४ तिच्या १/२ पेक्षा मोठे आहेत. ती बरोबर होती, तिच्या हातातला कागदच मोठा होता. अख्खा सारखा नसेल तर तुलनेला अर्थच नाही, हे मी त्या दिवशी शिकले. आता पोरांना भाकरीवरून विचारते, बारक्या भाकरीची अर्धी आणि थोरल्या भाकरीची चतकोर, जास्त कुठली? लगेच भांडायला लागतात, आणि मुद्दा डोक्यात बसतो.

आता घडी. एका जादा पट्टीची मधोमध घडी घालायची, उलगडायची, एक भाग रंगवायचा. १/२. परत तीच घडी मिटवायची, वर आणखी एक घडी घालायची आणि इथे थांबायचं. उलगडायची घाई करू नको. आधी विचार, एकूण भाग किती, रंगवलेले किती? मग उलगडू दे. रंग होता तेवढाच आहे पण आता चार भाग, त्यातले दोन रंगवलेले. तिसऱ्या घडीला "आता किती?" म्हणालीस की हमखास "सहा" येतं, कारण दोन, चार, सहा असं त्यांनी मनात मोजलेलं असतं. येऊ दे. उलगडल्यावर आठ निघतात, मग विचार दोन कुठून वाढले, आणि कुणीतरी बोट ठेवून दाखवतंच की घडीने प्रत्येक भागाचे दोन केले, रंगवलेल्याचे पण आणि कोऱ्याचे पण. वर आणि खाली दोन्हीला २ ने गुणायचं ते यामुळे, हे वाक्य त्यांच्या तोंडून येऊ दे, तू आधी बोलू नको. चौथी घडी नको, कागद जाड होतो आणि भाग वाकडे येतात.

भाग मोजताना बोट घडीच्या रेषांवर फिरतंय का तेही बघ. चार भागांना तीनच रेषा असतात, म्हणून काही जण "तीन" म्हणतात. आणि एक रंगवलेला, तीन कोरे असले की १/३ लिहिणारे पण निघतात, त्यांना "एकूण किती?" एवढंच विचारायचं.

तिसऱ्या हिश्श्याची घडी पोरांना नीट जमत नाही, तिथे मोजपट्टीने दर ८ सेंमीवर खुणा करू दे.

शेवटी एकच गणित घाल, २/३ = ?/६. हे मी मुद्दाम निवडलंय कारण चुकीचं उत्तरच सांगतं की घोळ कुठे आहे. ४ लिहिलं तर बरोबर. ५ लिहिलं तर दोन्हीकडे ३ मिळवलेत, म्हणजे तुझा तोच जुना आजार. २ लिहिलं तर फक्त छेद बदलला, रंगवलेले भागही कापले गेले हे दिसलेलं नाही, त्यांना परत घडी घालायला बसव. ५ वाल्यांना तीन भागांची आणि सहा भागांची पट्टी डावी कड जुळवून एकाखाली एक ठेवायला लाव. २/३ संपतो १६ सेंमीवर आणि ५/६ जातो २० पर्यंत, तो पुढे आलेला एक तुकडा त्यांनी स्वतःच्या बोटाने दाखवायला हवा. ४ वाल्यांनाही सोडू नको, उलटं दे, ६/८ = ?/४. काहींना वाटतं सममूल्य म्हणजे आकडे वाढलेच पाहिजेत.

५/७ सारखं काही या पट्ट्यांवर होणार नाही, ते आत्ता काढू पण नको.

शनिवारी जतवरून सांगलीला येशील तेव्हा ५ लिहिणाऱ्यांच्या वह्या घेऊन ये, एकत्र बघू.

तुझी बाई