दोन अपलिंक, आणि बॅकअप एकाच लिंकवर

प्रश्न: लेयर थ्री स्विचमधून कोअरला 10 गिगाच्या दोन अपलिंक आहेत. राउटिंग टेबलमध्ये दोन्ही वाटा सारख्याच कॉस्टच्या दिसतात, तरी रात्रीचा बॅकअप सगळा एकाच लिंकवर चढतो. ईसीएमपी चालत नाहीये का?

चालतंय. स्विच हेडरमधल्या ठरावीक आकड्यांचा हॅश काढतो आणि त्यावरून अपलिंक निवडतो. एका टीसीपी कनेक्शनच्या सगळ्या पॅकेटांत हे आकडे तेच असतात, त्यामुळे ते कनेक्शन एका लिंकला चिकटून राहतं. हे मुद्दाम तसं ठेवलंय. पॅकेटं आलटून पालटून दोन्हीकडे टाकली तर ती मागेपुढे पोचतात, आणि तीन डुप्लिकेट ॲक आले की पाठवणारा पॅकेट हरवलं असं समजून वेग कमी करतो.

पण तुमचा बॅकअप बहुधा एका कनेक्शनचा नसेल. आमचाही नव्हता. बॅकअप सर्व्हर 10.10.0.5, स्टोरेज 10.20.0.8, आठ स्ट्रीम, आणि तरी एक लिंक 9.4 गिगाबिटवर ठासून भरलेली, दुसरी जवळपास रिकामी. दोन दिवस मी ओएसपीएफ उकरत बसलो, उगाच. आमचा स्विच हॅशमध्ये फक्त सोर्स आणि डेस्टिनेशन आयपी धरत होता. कनेक्शनं आठ असली तरी त्याच्या लेखी जोडी एकच.

तुमच्याकडे हेच आहे का, ते असं बघा:

```
iperf3 -c 10.20.0.8 -P 8 -t 30
```

हे चालू असताना दोन्ही अपलिंकचे आउटपुट काउंटर बघा. पोर्ट हॅशमध्ये असतील आणि हॅश नीट विखुरत असेल, तर आठही एकाच लिंकवर पडण्याची शक्यता 128 मध्ये 1. दोन-तीनदा चालवूनही तसंच झालं तर पोर्ट धरले जात नाहीत. सिस्कोवर `show ip cef exact-route 10.10.0.5 10.20.0.8` वाट सांगतं, पण काही मॉडेलवर ते सॉफ्टवेअरचं उत्तर असतं आणि हार्डवेअर वेगळंच करत असतं. मी काउंटरवरच विश्वास ठेवतो.

सिस्को आयओएसवर उपाय एका ओळीचा आहे, मॉडेलमध्ये सोय असेल तर:

```
ip cef load-sharing algorithm include-ports source destination
```

आमच्याकडे यानंतर पाच-तीन अशी वाटणी झाली. चार-चारची अपेक्षा धरू नका. आठ नाणी उडवली तरी बरोबर चार छापे चारातून साधारण एकदाच येतात.

बॅकअप आयपीसेक टनेलमधून जात असेल तर मात्र ही ओळ कामाची नाही. बाहेरून नुसतं ईएसपी दिसतं, त्यात पोर्टच नसतात, म्हणजे अख्खा टनेल एकच फ्लो. तिथे वेगवेगळ्या पत्त्यांचे दोन टनेल काढावे लागतील.

आणि ही ओळ पलीकडच्या स्विचवरही टाका. रिस्टोअरच्या वेळी डेटा उलट्या दिशेने येतो, आणि तेव्हा लिंक तो स्विच निवडतो.